सहाशे चव्वेचाळीस आणि चार माग

व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, मला भीती वाटायची ती प्रश्नांमुळे नव्हे, माझ्या आवाजामुळे. बी.एस्सी.च्या पाचव्या सत्रातल्या फिजिक्सच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी तीन सोपे प्रश्न विचारले होते. तिन्हींची उत्तरं मला येत होती, आणि मी टेबलावरच्या भिंगाकडे बघत ठोंब्यासारखी उभी राहिले. बाहेर पडल्यावर मैत्रिणीला तीच उत्तरं धडाधड सांगितली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, शेवटच्या सत्रात तोंड उघडलं तर एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा, नाहीतर फिजिक्सला रामराम.

हे मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं आणि फसले. कबनूरला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग आहेत. ते सुरू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नाही. मीठ मागितलं तरी परक्या माणसाला भांडण वाटतं.

"मुकी व्हायला तू काय पावणी हायस व्हय तिथं?" आप्पा म्हणाले. "हितं घर डोक्यावर घेतीस की! आण तुजं प्रश्न हिकडं."

वरच्या वर्गातल्या मुलांकडून आलेली एक झेरॉक्स आमच्या वर्गात पिढीजात चालत होती. तिच्यावर प्रत्येक प्रयोगाचे व्हायव्हाचे प्रश्न आणि त्यांची 'आदर्श उत्तरं' होती. लेसरचा उजेड दोन बारीक फटींतून सोडला की समोर उजळ-काळे पट्टे पडतात आणि त्यांवरून त्याची तरंगलांबी काढायची, त्या प्रयोगाची उत्तरं मी आप्पांसाठी मराठीत उतरवून दिली. मग रोज संध्याकाळी शेडमध्ये व्हायव्हा सुरू झाला. आप्पांच्या एका हातात मागाचा धोटा, दुसऱ्या हातात कागद, आणि मी पार पलीकडच्या मागाशी.

"सुसंगत उजेड म्हंजे काय?"

"ज्या लाटांमधलं कलांतर कायम राहतं, तो!"

"आवाज ईना!"

मी परत ओरडले.

"दोन येगळं बल्ब लावलं तर?"

"पट्टे दिसत नाहीत! त्यांच्या लाटांचा मेळ क्षणोक्षणी बदलतो!"

"एक फट झाकली तर?"

"बारीक पट्टे जातात, एका फटीचं विवर्तन उरतं! मध्ये रुंद उजेड!"

"काळ्या पट्ट्यातला उजेड जातो कुठं?"

"जात नाही! उजळ पट्ट्यांत वाटला जातो!"

हे उत्तर आप्पांना फार आवडायचं. "म्हंजे वाया न्हाय जात, ब्येस हाय," असं म्हणून ते सूत तुटलेल्या मागाकडे वळायचे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मात्र त्यांना चालत नसे. "कागदात असं न्हाय!" हा त्यांचा निकाल. लेसरची तरंगलांबी किती, तर कागदात होतं, 'हेलियम-निऑन लेसर, ६३२.८ नॅनोमीटर'. तो आकडा मी झोपेतही सांगितला असता.

परीक्षेच्या दिवशी सकाळची एसटी पकडून कोल्हापुरात कॉलेजला पोहोचले. चिठ्ठीत नेमका तोच प्रयोग निघाला, आणि आणखी तीन टेबलांवरही तोच होता. लेसर बसवताना त्याच्या अंगावरची धूळ ओढणीनं पुसली. खाली अर्धवट निघालेलं लेबल होतं, 'डायोड लेसर, ६५० नॅनोमीटर'. मी ते वाचलं आणि कामाला लागले. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपनं दोन फटींमधलं अंतर मोजलं, पाव मिलिमीटर आलं. दोन मीटरवर भिंतीला आलेख कागद चिकटवला. त्याच्यावर ठिपक्याऐवजी लाल पट्ट्यांची रांग उमटली, तेव्हा परीक्षा आहे हे विसरून मी खुदकन हसले. कितीही वेळा बघितलं तरी मला तो प्रकार जादूच वाटतो. एकेका पट्ट्याचं अंतर मोजलं तर चूक मोठी होते, म्हणून दहा अंतरं एकदम मोजली. साडेएक्कावन्न मिलिमीटर. आमच्या मॅडमनी येऊन आकड्यांवर सही केली, मी गणित केलं, आणि उत्तर आलं सहाशे चव्वेचाळीस.

हे ना कागदातलं, ना लेबलवरचं! शेजारच्या टेबलावरून कुजबुज आली, "अगं, ६३२.८ आण की! आमचं सगळ्यांचं आलंय." आणायचं कसं? त्यांच्यासारखे पेन्सिलीत नव्हे, माझे आकडे शाईत होते आणि खाली मॅडमची सही होती.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक सर माझ्याच टेबलापाशी आधी आले. स्टूल ओढून बसले. माझा पेपर पाहिला.

"वर्गात फिरताना मी बघितलं, बाकी तिघांचं ६३२.८ आलंय, अगदी दशांशासकट. तुझं ६४४ का?"

मान आपोआप खाली गेली. मागच्या सत्रातलं सगळं तसंच चाललं होतं. फक्त या वेळी खाली भिंग नव्हतं, लेबल होतं. आणि कानात आप्पा होते, "आवाज ईना!"

"सर, हा हेलियम-निऑन नाहीच!" मी ओरडले. खरोखर ओरडले, पलीकडच्या मागापर्यंत पोहोचेल असं. "हा डायोड लेसर आहे! लेबलवर साडेसहाशे लिहिलंय!"

सर दचकून मागे सरकले. "बरं. मग ६५० तरी कुठं आलंय?"

हे काही कागदात नव्हतं. पण एकदा सुरू झालेला माग मध्येच थांबत नाही.

"सर, मायक्रोस्कोपवर मोजता येणारं सगळ्यात लहान माप एक शतांश मिलिमीटर! फटींमधलं अंतर पाव मिलिमीटर! म्हणजे चार टक्क्यांची चूक तिथंच! पट्ट्यांच्या मापात एक टक्का, पडद्याच्या अंतरात त्याहून कमी! चार टक्के म्हणजे सव्वीस नॅनोमीटर! खरं उत्तर सहाशे अठरा ते सहाशे सत्तरमध्ये कुठंही असेल! ६३२.८ पण त्यात बसतं, ६५० पण बसतं! त्या दोघांतला फरक माझ्या प्रयोगाला कळतच नाही!"

"मग पडदा आणखी लांब नेला तर?"

"पट्टे रुंद होतील, पण फायदा थोडाच! मोठी चूक फटींच्या मापात आहे, तेच जास्त नेमकं मोजायला पाहिजे!"

मग बाकीच्या तीन टेबलांवरून खोडरबर घासल्याचे आवाज यायला लागले. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला होता. सर आधी गालातल्या गालात हसले, मग मोकळेपणानं हसले.

"अगं, मी हातभर अंतरावर बसलोय," ते म्हणाले. "आता उरलेल्या तिघांना मी विचारू काय? सगळ्यांनी ऐकलंय."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. इतका आनंद झाला होता की जिना उतरताना मी दोन-दोन पायऱ्या घेतल्या.

घरी पोहोचले तेव्हा माग चालू होते. आप्पांनी दारातच खुणेनं विचारलं, काय झालं? मी त्या खडखडाटात सगळं ओरडून सांगितलं, ६४४, सव्वीस अलीकडं-पलीकडं, खोडरबर, सगळं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कागदात तर ६३२.८ हाय!"

"कागद चुकलाय, आप्पा!"

त्यांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला, एकदा बघितला, आणि त्याच कागदानं धोटा पुसायला घेतला. मग ते एकेका मागापाशी गेले. सूत तुटल्याशिवाय किंवा वीज गेल्याशिवाय आप्पांनी माग बंद केलेला मी कधी पाहिला नव्हता. पहिला थांबला, दुसरा, तिसरा, चौथा. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर दोरीवरचे कपडे वाऱ्यानं फडफडत होते ते ऐकू आलं.

"आता हळू सांग," आप्पा म्हणाले. "फॉर्म कवा भरायचा?"