सदर मिळकत, सदर घर

शरयूकाकू माझी थोरली काकू. तेरदाळची. माहेरी सगळे कानडी बोलायचे, त्यामुळे लग्न होऊन सांगलीला आली तेव्हा तिचं मराठी ऐकून शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. पुढे माझा काका विषमज्वराने गेला. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. माझे वडील साताऱ्याला शाळामास्तर होते, ते तिला न्यायला आले, पण ती म्हणाली, "मामंजींना एकटं कसं टाकू?" आणि सांगलीलाच राहिली.

मामंजी म्हणजे माझे आजोबा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. सांगलीच्या वकिलांकडे सीमेवरच्या गावांतून कानडी कागद आला की तो भाषांतराला अण्णांकडे यायचा. अण्णांचं मराठी देखणं होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. मुलगा गेल्यावर त्यांनी काकूला रुजुवातीला बसवलं. ती मूळ कानडी कागद मोठ्याने वाचायची, अण्णा आपलं मराठी समोर धरून ओळीवर बोट फिरवायचे. नाव, तारीख, चतुःसीमा, आकडा चुकला की तिथे खूण करायची. सगळं झालं की खाली अण्णांची सही, आणि तिच्याखाली 'रुजुवात घेणार' म्हणून काकूची. बाईमाणसाची सही कोर्टाच्या कागदावर, याचं तिला फार अप्रूप होतं. तिच्या आयुष्यात तिच्या नावाची एवढीच एक जागा होती.

त्रेचाळीस साली परचुरे वकिलांनी एक खरेदीखत पाठवलं. त्यांची अशील मनुबाई, मूळची वाळवे तालुक्यातली. तिचा नवरा केरबा पहिल्या लढाईत होता. पेन्शनीत आल्यावर त्याने सीमेवरच्या एका गावात तीन खणांचं घर, मागचा परसू आणि परसातली विहीर विकत घेतली होती. मनुबाईने त्या परसात पानवेली लावल्या, लिंबं लावली. केरबा वारला, आणि विकणाऱ्याचा पुतण्या उभा राहिला. त्याचं म्हणणं, चुलत्याने फक्त घर विकलं. परसू आणि विहीर आमचीच. खत कानडीत होतं, मुन्सफांना कानडी येत नव्हतं. सगळं भाषांतरावर ठरायचं होतं.

रुजुवातीला बसल्यावर पहिलं पान सरळ गेलं. सुरुवातीलाच लिहिलं होतं की घर, परसू व विहीर हे सर्व मिळून यापुढे 'सदरि स्वत्तु' म्हटले आहे. अण्णांनी त्याचं 'सदर मिळकत' केलं होतं. ते बरोबरच. पुढे विक्रीच्या कलमात काकूने 'सदरि स्वत्तु' वाचलं आणि अण्णांचं बोट 'सदर घर' या शब्दांवरून पुढे सरकलं. ती थांबली. कब्जाच्या कलमात पुन्हा तेच, 'सदर घर'. एका ठिकाणी 'सदर जागा'. तिने मोजलं. मूळ कागदात तो शब्द अकरा वेळा होता, एकच. मराठीत चार ठिकाणी मिळकत, पाच ठिकाणी घर, दोन ठिकाणी जागा.

तिने पेन्सिलीने सात खुणा केल्या आणि म्हणाली, "मामंजी, इथे सगळीकडे स्वत्तूच आहे. सगळीकडे मिळकतच लिहायला हवं."

"अकरा वेळा मिळकत मिळकत?" अण्णा हसले. "वाचणाऱ्याच्या कानाला काय वाटेल? मराठीला काही डौल आहे की नाही?"

"पण लिहून देणार, लिहून घेणार हे आपण वीसवीस वेळा लिहितोच ना? तिथे नाही बदलत."

"तो साचा आहे. साच्याला हात लावायचा नसतो."

"मग हाही साचाच झाला. सुरुवातीला सांगितलंय त्यांनी, याला यापुढे हे म्हणू. विक्रीच्या कलमात घर म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल, नुसतं घरच विकलं."

अण्णांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तेहतीस वर्षं हे काम करतोय मी. तू मला कानडी शिकव, हरकत नाही, तुझी माहेरची भाषा आहे. मराठी नको शिकवूस."

काकूने पेन्सिल खाली ठेवली. ती मला म्हणायची, "त्या वाक्याने मी एकदम पुन्हा नवी नवरी झाले गं. शेजारणी हसायच्या ना, तशी." अण्णांनी खोडरबराने सातही खुणा पुसल्या, सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली.

कोर्टात पुतण्याच्या वकिलाने तेच धरलं. आरंभी 'मिळकत' शब्द आहे आणि विकताना, कब्जा देताना 'घर'. तेव्हा वर्णन सगळ्याचं असलं तरी विकलं फक्त घर, उगाच कोणी शब्द बदलत नाही. मुन्सफांनी दोनदा भाषांतर वाचलं आणि मान हलवली. परचुऱ्यांनी बाहेर येऊन मनुबाईला सांगितलं, "बाई, निकाल उलटा जाणार असं दिसतंय. कागदात तुझ्या नवऱ्याने घरच घेतलेलं आहे. तडजोड कर, निदान पाण्याची सोय तरी राहील."

मनुबाईने तडजोडीवर अंगठा दिला. परसू आणि विहीर पुतण्याची. तिला रोज दोन घागरी पाणी भरायची मुभा. तीन महिन्यांनी भाषांतराची नक्कल परत द्यायला ती वकिलाच्या कारकुनाबरोबर अण्णांच्या दारी आली. अण्णा घरी नव्हते. काकूने तिला पाणी दिलं. ती पायरीवर बसली, पण प्यायली नाही.

"हिरीचं मला काय न्हाई वैनी," ती म्हणाली. "पर त्यो मला म्हनला हुता, मने, सगळं तुझ्यासाठी घेतलंय, हीर बी, परसू बी. माज्या हाताला धरून कडंकडंनं फिरवलं हुतं त्यानं. आन् कागदात नुसतं घर! बारा वरसं मला खोटं सांगत आला. मेल्या मानसाला इचारू तरी कसं?"

कागद काकूच्या हातात होता, आणि त्यावर तिची सही होती.

"पोराला कळवलं म्या," मनुबाई उठता उठता म्हणाली. अर्जुना तिचा एकुलता एक मुलगा, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. "मास्तराकडनं लिवून घेतलं, तुज्या बापानं आपल्याला फशिवलं म्हून. त्याचं उत्तर आलं. परत बापाचं नाव माज्याम्होरं काढू नगं, म्हनला. लय जीव हुता त्याचा बापावर."

ती गेल्यावर काकू स्वयंपाकघरात जाऊन बसली. संध्याकाळी अण्णा आले, तरी चूल पेटलेली नव्हती. तिने सगळं सांगितलं. अण्णा नेहमीसारखं, "वकील कच्चा होता," असं म्हणाले. मग तिने मूळ कागदाची नक्कल आणली, त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्यानेच अकराही ठिकाणी बोट ठेवून वाचलं. सदरि स्वत्तु. सदरि स्वत्तु. पहिल्यांदाच ती सासऱ्यापुढे अशी उभी होती. सातव्या ठिकाणी अण्णा म्हणाले, "पुरे." ती थांबली नाही. अकराही वाचले.

अण्णांनी कागद जवळ ओढून स्वतः वाचला. मग म्हणाले, "खुणा मी पुसल्या. तू केल्या होत्यास."

"सही मीही केली, मामंजी."

दुसऱ्या दिवशी दोघं परचुऱ्यांकडे गेली. अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की मूळ कागदातील एकाच शब्दास आपण तीन वेगळे शब्द वापरले, त्यास मुळात काही आधार नाही, ही चूक आपली. परचुऱ्यांनी त्यावर तडजोड रद्द करण्याचा अर्ज केला. विरुद्ध बाजूने म्हातारा फितूर झाला असं भर कोर्टात म्हटलं. अण्णा मागच्या बाकावर बसून ते ऐकत होते. मुन्सफांनी खत दुसऱ्या भाषांतरकाराकडे पाठवलं. त्याने अकराही ठिकाणी 'सदर मिळकत' लिहिलं. वाचायला रटाळ होतं, आणि कुठे शंका राहिली नाही. पण या सगळ्यात सव्वा वर्ष गेलं.

काकूने मात्र वाट पाहिली नाही. अर्ज दिला त्याच आठवड्यात ती कारकुनाबरोबर मनुबाईच्या गावी गेली. घरापुढच्या ओट्यावर बसून तिने सगळं समजावलं, शब्द कुठे बदलला, कोणी बदलला, तिने कुठे सही केली. मनुबाईने एकच विचारलं, "म्हंजी त्यो खोटं बोलला न्हवता?"

"नाही. हीर, परसू, घर, सगळं घेतलं होतं त्यांनी. तसंच लिहिलंय."

मनुबाईने कपाळ भिंतीला टेकलं आणि रडली. काकूला ती एक शब्द वाकडा बोलली नाही, आणि काकू म्हणायची, तेच सोसवलं नाही. थोड्या वेळाने डोळे पुसून मनुबाई म्हणाली, "वैनी, माज्या पोराला लिवा. आत्ता लिवा." काकूने तिथेच लिहिलं. तुझ्या बापाने फसवलं नाही, कागद चुकीचा वाचला गेला, चूक आमची. बापाचं नाव घे. मनुबाईने खाली अंगठा उमटवला.

ते पत्र चार महिन्यांनी परत आलं. पाकीट उघडलेलं नव्हतं. वर इंग्रजीत शेरा होता. मनुबाई ते घेऊन सांगलीला परचुऱ्यांकडे आली, कारण गावात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. अर्जुना पत्र पोचायच्या आधीच पडला होता. सरकारी कागदही त्याच आठवड्यात आला.

विहीर पंचेचाळीस साली मनुबाईला परत मिळाली. हुकूम ऐकायला ती आलीच नाही. परचुऱ्यांनी माणूस पाठवला तेव्हा कळलं, घराला कुलूप लावून ती वाळव्याकडे भावाच्या घरी निघून गेली होती. पुतण्याने मधल्या काळात पानवेली उपटून टाकल्या होत्या.

अण्णांनी त्यानंतर भाषांतर केलं नाही. कागद आला तर ते काकूकडे बोट दाखवायचे. त्यांना कोणी दोष दिला नाही, वकिलांनीसुद्धा नाही. ते दिवसभर खुर्चीत बसायचे आणि कधी कधी विचारायचे, "त्या बाईचा काही निरोप?" सत्तेचाळीसच्या माघात ते गेले, आणि माझे वडील काकूला साताऱ्याला घेऊन आले.

आमच्याकडे ती पंचवीस वर्षं होती. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, "तू तेव्हा सही केली नसतीस तर?"

ती तांदूळ निवडत होती. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तर मामंजी रागावले असते. दोन दिवस जेवले नसते. एवढंच झालं असतं गं."