नोकरी हुकल्याचं सांगायला

औंधचा जालिंदर तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्याच्या पलटणीतला बजरंग शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षक होता. तिथं जागा निघाल्याचं त्यानं जालिंदरला कळवलं, साहेबांकडं शब्दही टाकला. मुलाखत चांगली झाली, पण वैद्यकीय तपासणीत जालिंदरचे कान अधू निघाले.

फोनवर त्याला नीट ऐकू येत नसे, म्हणून तो एसटीनं शिरवळला जाऊन बजरंगला भेटला.

"न्हाई जमलं गड्या. कानानं घात केला. पण तू माझ्यासाठी शब्द टाकलास, लय उपकार झालं."

बजरंग त्याच्या कानाजवळ वाकून म्हणाला, "दुसरीकडं बघू रं."

"कान तपासत न्हाईत असं बघ."

बजरंगनं मान डोलावली. त्याला तसं एकही काम आठवेना.