लॉर्नाने नाकारलेले पंप

लॉर्ना ट्रेगेन्झा आमच्या कारखान्यात वॉरंटीचे दावे बघते, आणि मी पंप खोलतो. आम्ही आग विझवायचे पंप बनवतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातले शेतकरी ते गाडीच्या मागे पाण्याच्या टाकीला जोडतात. बाई तोंडाने तिखट, पण एखाद्याला 'नाही' म्हटलं की दिवसभर धड जेवत नाही. मला तिचा हा स्वभाव आवडतो, तिला सांगितलं तर फाडून खाईल.

तळ्याचं पाणी ओढणारा पंप बंद पडला की आमचे दुकानदार डोळे झाकून 'गाळ अडकला' असं लिहितात. ती चूक पंप वापरणाऱ्याची, म्हणून दावा नाकारायचा. नाकारलेला दावा महिन्याच्या गोषवाऱ्यात येत नाही. त्यामुळे गोषवाऱ्यात सगळ्या बॅचेस सारख्याच गुणी दिसत होत्या.

नोव्हेंबरात मी तिच्या टेबलावर एक सील नेऊन ठेवलं. "हे बघ, गाळ म्हणून परत आलेल्या पंपातलं. आत वाळूचा कण नाही. सील चिरलंय. गरम झाला की हवा ओढतो आणि पाण्याचा जोर जातो."

"एकच ना?"

"या आठवड्यातला तिसरा."

दुरुस्तीच्या नोंदी काढून, नाकारलेले दावेही धरून, तिने अनुक्रमांकांवरून प्रत्येक पंपाची बॅच लावायला घेतली. कुठल्या बॅचचे किती पंप विकले आणि विकल्यापासून तीन महिन्यांत त्यांतले किती बिघडले, एवढंच. बाकी बॅचेसमध्ये शंभरात जेमतेम एक. जुलैच्या बॅचमध्ये सात.

साहेब नेव्हिल म्हणाले, "नाकारलेले कशाला धरतेस? उगाच आकडा फुगतो."

"नाकारले मीच, नेव्हिल. मला माहितीय मी काय बघून नाकारले. काहीच नाही बघितलं."

नेव्हिलने सीलकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, आमच्याकडे वणव्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. "विक्री थांबवा. फोन लावा सगळ्यांना," ते म्हणाले. माणूस वाईट नाही, फक्त उशिरा जागा होतो.

यादीत पहिलं नाव कॉलिन श्मिर्मरचं होतं. ऑक्टोबरात तिने त्याला नाही म्हटलं होतं. तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"कॉलिन, तो पंप वापरू नकोस. आमचीच चूक आहे. नवा आणून देते."

"अगं, मी दुसऱ्या कंपनीचा घेतलाय केव्हाच."

लॉर्नाने इतका मोठा श्वास सोडला की मलाही हायसं वाटलं. "मग तो जुना भंगारात टाक."

"भंगारात कशाला? चांगला चालतो की. तूच म्हणालीस ना, पंपात दोष नाही, नुसता गाळ आहे. म्हणून नवी गाळणी बसवली आणि लेकीला दिला. डोंगरापलीकडे एकटी राहते पोरगी, तिच्याकडे पंपच नव्हता. आत्ताच निघाली तो घेऊन. शेजाऱ्याच्या रानात धूर दिसतोय म्हणे."