अर्ध्या पानातल्या रत्नम्माकाकू

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत महेबूबभाईंचं डीटीपीचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर फिजिक्स, समोर केमिस्ट्री, मागच्या अंगाला बायोलॉजी आणि मधोमध महेबूबभाई. उदगीर सोडून इथं आले तेव्हा ते लग्नपत्रिका छापायचे. मग गल्लीत लग्नाळू कमी आणि डॉक्टर होणारे जास्त झाले, तसे भाईही प्रश्नपत्रिकांकडं, बॅनरकडं आणि स्मरणिकांकडं वळले.

पण त्यांचा खरा हातखंडा म्हणजे भाषणाचा सारांश. कुणी कितीही बोलो, भाई त्याला अर्ध्या पानात बसवत. कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर ‘नमुना’ नावाची एक फाइल होती. त्यात मान्यवरांची नावं, मग ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’, मग ‘जिद्द व चिकाटी’ आणि शेवटी ‘मोलाचे मार्गदर्शन केले’ असा मजकूर तयार असे. वक्त्याचं नाव बदललं की झालं. मागे एका पैलवानानं व्यासपीठावर फक्त दूध किती प्यायचो ते सांगितलं होतं, त्यानंसुद्धा स्मरणिकेत मोलाचं मार्गदर्शन केलं होतं. पैलवान खूश, क्लास खूश.

त्या वर्षी भूकंपाला पंचवीस वर्षं होत होती. मन्मथ सरांनी आपल्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात किल्लारीच्या रत्नम्माकाकूंचा सत्कार ठेवला. काकूंची गल्लीत मेस होती. क्लासची निम्मी पोरं त्यांच्या हातचं जेवत, आणि दुपारचा एक डबा महेबूबभाईंच्या दुकानातही येई. सत्काराला उत्तर म्हणून काकू बोलल्या. क्लासच्या ऑफिसात बसणाऱ्या तनुजानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, आणि तिनं व दोन विद्यार्थ्यांनी तुकडे वाटून घेऊन ते टाइप केलं. मोबाइलवर बोटांना इंग्रजी अक्षरांचीच सवय, त्यामुळं मराठी भाषण अवतरलं रोमन लिपीत. एकाचा भूकंप ‘bhukamp’, दुसऱ्याचा ‘bhookump’, तिसऱ्याचा ‘bukamp’. किल्लारी तर दर परिच्छेदाला नवं गाव असल्यासारखी दिसत होती.

तनुजानं सांगितलं, पूर्ण भाषण देवनागरीत करून क्लासच्या फाइलीला लावायचं, आणि अर्ध्या पानाचा सारांश स्मरणिकेत. स्मरणिका प्रत्येक पालकाच्या घरी जाणार. संध्याकाळी प्रेसला द्यायची.

भाईंनी आधी सारांश केला. नमुना उघडला, नाव बदललं, ‘भूकंपात सर्वस्व गमावूनही’ एवढं नवं घातलं. मग भाषणाच्या साफसफाईला बसले. प्रत्येक शब्द कोण हातानं बदलणार? त्यांनी कॉम्प्युटरला हुकूम सोडला, जिथं ‘kal’ दिसेल तिथं ‘काल’ कर. त्यानं इमानेइतबारे ‘sakali’च्या पोटातही ‘काल’ घुसवला, आणि भाषणातल्या सगळ्या सकाळी ‘saकालi’ झाल्या. ते निस्तरताना भाई चिडले. मध्येच ‘oota ayta’, ‘uta aita’, ‘vuta aayita’ असलं काहीतरी येत होतं. पोरांची बोटं घसरली असतील म्हणून त्यांनी ते खोडूनच टाकलं.

दुपारी डबा द्यायला काकू स्वतः आल्या. छापण्याआधी वक्त्याला सारांश वाचून दाखवायचा, हा भाईंचा शिरस्ता. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि घसा साफ करून वाचलं. काकू पदर सावरून, मन लावून ऐकत होत्या.

“लई छान हाय,” त्या म्हणाल्या. “कुणाचं हाय?”

भाई म्हणाले, “काकू, तुमचंच.”

“मी हे कवा बोलले? मी एकच गोष्ट सांगाया उभी ऱ्हायले होते. ती ह्यात न्हाई.”

भाईंनी समजूत काढली, की पूर्ण भाषण फाइलीत राहणारच आहे.

“फाइल कोण वाचतंय? पुस्तक लेकरांच्या आई-बापाच्या हातात पडंल. मला त्यास्नीच सांगायचं होतं.” मग त्यांनी डब्याकडं बोट दाखवलं. “जेवून घ्या आधी.” आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

जेवण भाईंना गोड लागलं नाही. डबा अर्धा ठेवून त्यांनी तनुजाला फोन करून रेकॉर्डिंग मागवलं, मूळ रोमन मजकूर पुन्हा उघडला आणि जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते आता केलं. एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. कानावर पडताच शब्द आपापल्या जागी बसू लागले. कुठला ‘kal’ काल, कुठला काळ आणि कुठला कळ, हे मागचं-पुढचं वाक्य सांगत होतं. किल्लारी एकच झाली. काकूंचं ‘लई’ आणि ‘न्हाई’ मात्र त्यांनी तसंच ठेवलं. साफ करायचं म्हणजे पुण्याला नेऊन सोडायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. अडलं तिथं रेकॉर्डिंग ऐकलं, तरी कळलं नाही तिथं ‘अस्पष्ट’ लिहिलं.

आणि मग ते आलं. भाईंनी मोठ्यानं वाचलं, “ऊटा आयता?” आणि उदगीरच्या बाजारात वाढलेला माणूस खुर्चीत ताठ झाला. हे तर कानडी. जेवण झालं का? लहानपणी आडत दुकानावर रोज कानावर पडायचं. आणि आपण ते कचरा म्हणून झाडून टाकलं होतं.

आता भाषण उलगडलं. गणपती बुडवून झोपलेलं गाव पहाटे कोसळलं, तेव्हा काकू नव्या सुनबाई होत्या. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जो येई तो विचारी, तुमच्या घरातले किती गेले? साहेब विचारत, पाहुणे विचारत. आकडा सांगून सांगून तोंड सुकलं. फक्त सीमेपलीकडून आलेली गंगम्मा नावाची बाई भाकरी थापता थापता विचारायची, ऊटा आयता? तिनं आकडा कधीच विचारला नाही. “आता माझ्या मेसात लेकरं फोनवर बोलत्यात,” काकू म्हणाल्या होत्या, “अन् पलीकडून पहिला सवाल, किती पडले? माय-बापहो, आधी जेवलास का इचारा. आकडा कुठं पळून जातोय?” हे त्यांनी भाषणात फिरून फिरून सांगितलं होतं. तिघांच्या वाट्याला एकेक तुकडा आला होता, म्हणून कुणालाच ते दिसलं नव्हतं.

भाईंनी सारांश नव्यानं लिहिला. सारांश असल्यानं भाषा प्रमाण ठेवली, पण काकू बोलल्या नाहीत ते एक अक्षर घातलं नाही, आणि पालकांना उद्देशून असलेलं वाक्य त्यांच्याच शब्दांत अवतरणात ठेवलं. तरी मजकूर अर्ध्या पानाबाहेर गेलाच. मान्यवरांच्या नावांनी वरच्या ओळी अडवल्या होत्या. भाईंनी छातीवर दगड ठेवून ती उडवली. नमुना फाइल जन्माला आल्यापासून हे पहिल्यांदा घडत होतं.

प्रूफ पाहून मन्मथ सरांचा फोन आलाच. आपलं नाव कुठं गेलं, असं त्यांनी सौम्यपणे विचारलं. शिवाय पालकांना आकडा विचारू नका म्हणायचं, तर क्लासच्या बॅनरवर काय छापायचं?

“‘विचारू नका’ असं न्हाई म्हणल्या, सर. ‘नंतर विचारा’ म्हणल्या,” भाई म्हणाले. “आणि तुमचं नाव फोटोखाली घेतलंय. फोटो सगळेच बघतात.”

सरांनी फोटोखालचा टाइप जरा ठळक करायला सांगितला.

फाइल प्रेसला गेली. भाईंनी उरलेला डबा संपवला आणि नांदेडला फोन लावला. त्यांची लेक लायबा तिथं हॉस्टेलवर राहून क्लास करत होती. रोज याच वेळी फोन होई, आणि भाईंचा पहिला सवाल ठरलेला, किती पडले? पलीकडून फोन उचलला गेला आणि हॅलोच्या आधीच आवाज आला, “अब्बा, चारशे बारा. केमिस्ट्री गेली.”

“जेवलीस का?” भाईंनी विचारलं.



“अब्बा, घरी सगळे बरे हायेत ना?” लायबानं घाबरून विचारलं. “अम्मी कुठं हाय?”

सगळे बरे आहेत हे पटवायला भाईंना बराच वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, न्हाई, अजून जेवले न्हाई. मग भाई फोन कानाला लावून दुकानाच्या पायरीवर बसले, आणि ती ताट वाढून घेईपर्यंत हॉस्टेलची भाजी कशी पाणचट असते, हे सगळं ऐकत राहिले.