‘आजच आलंय’

केजला तहसील कचेरीसमोर माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दाखले, भरती, प्रवेश, सगळं तिथंच होतं. दिवसभर लोक येऊन एकच प्रश्न विचारतात, फक्त तोंडं बदलतात. ताई, सध्या काय चालू हाय? नवा नियम कंचा आला? शेवटची तारीख किती? मी तोंडाची फटकळ, त्यामुळे आधी दोन शब्द सुनावते आणि मग सांगते. लोकांनाही त्याची सवय झाली आहे.

जे दुकानात येऊ शकत नाहीत, ते मोबाइलवर विचारतात. त्यात मेंढरांमागं फिरणारे धनगर लई. वाचायचं त्यांना जमत नाही, म्हणून ते बोलून पाठवतात आणि मीही बोलूनच उत्तर देते. गिऱ्हाइकाचा अर्ज भरता भरता फोन तोंडाजवळ धरायचा आणि सांगून मोकळं व्हायचं. ते ऐकणारा पुढं दुसऱ्याला पाठवतो. कुठल्या कुठल्या माळावर माझा आवाज वाजतो, याचा मला केवढा तोरा होता! ‘तालुक्यात माझ्याएवढं ताजं कुणाकडं नसतं,’ असं मी घरी फुशारकीनं सांगायची.

यंदा प्रवेशाच्या दिवसांत एक जण मुलीला घेऊन आला. युसूफ वडगावच्या पलीकडचा. डोक्याला पटका, काखेत कागदांची पिशवी. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. कागद तपासायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशीची होती. मार्क बघून मीच खूश झाले.

“राखीव जागेवर सरकारी कॉलेज मिळतंय बघ तुला,” मी म्हणाले. “जात पडताळणीचं प्रमाणपत्र दे इकडं.”

तिनं बापाकडं पाहिलं. बापानं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला. पडताळणीसाठी अर्ज केल्याची नुसती पावती होती. तीही दहा दिवसांपूर्वीची.

“मामा, ही पावती झाली. प्रमाणपत्र कुठंय?”

“पावती चालती की.”

“यंदा नाही चालत! यंदा उद्याच्या उद्या मूळ प्रमाणपत्रच लागतं. नसलं तर राखीवमधून नाव निघतं, मुलगी खुल्या गटात जाते. कुणी सांगितलं तुम्हाला पावती चालते म्हणून? कोण तो दीडशहाणा? आणा त्याला माझ्यासमोर!”

दुकानातले लोक माना वळवून बघायला लागले. मामानं खिशातून फोन काढला, दोनतीनदा बोट फिरवलं आणि फोन टेबलावर ठेवला.

“ऐका, घाबरू नका. आजच आलंय. पडताळणीचं प्रमाणपत्र हातात नसलं तरी चालतंय. अर्ज केल्याची पावती जोडा, मूळ कागद नंतर दिला तरी होतंय. उगं बीडला हेलपाटे घालत बसू नका.”

आवाज माझा होता.

आई गं! मी फोन उचलून ते पुन्हा ऐकलं. तोच आवाज, तोच तोरा, मागं माझ्याच दुकानातल्या प्रिंटरची घरघर. एकही शब्द खोटा नव्हता. मागच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी सरकारनं तशी सवलत दिली होती, ती आली त्याच दुपारी मी हे बोलले होते. पण ती सवलत त्या वर्षापुरती होती. यंदा ती नव्हती. आणि माझ्या बोलण्यात ना वर्ष, ना महिना, ना कोर्सचं नाव. नुसतं ‘आजच’.

“हे तुम्हाला कधी आलं, मामा?” मी विचारलं.

“दिवाळीत पाव्हण्यानं टाकलं. हे बघा की, तारीख हाय.”

तारीख होती, पण ती पाव्हण्यानं पुढं पाठवल्याची. मी कधी बोलले, ते त्या फोनला ठाऊकच नव्हतं. वर बाणांची खूण होती, म्हणजे किती हातांतून फिरून आलं होतं कोण जाणे. मामानं ऐकलं तो दिवस दिवाळीतला होता आणि मी म्हणत होते, आजच आलंय. त्यात त्या माणसाचं काय चुकलं?

“तुमीच म्हणल्या ना, ताई?” तो विचारत होता. भांडायला नाही. खरंच विचारत होता.

मी बीडला, पडताळणीच्या कचेरीत ओळखीच्या माणसाला फोन लावला. गयावया केली म्हटलं तरी चालेल, आणि मी सहसा कुणापुढं गयावया करत नाही. तो म्हणाला, घरात आधी कुणाचं प्रमाणपत्र निघालेलं नाही, आजोबाच्या शाळेच्या नोंदीची खात्री व्हायची आहे, उद्या होणं शक्य नाही. खुल्या गटाची मागच्या वर्षीची यादी काढून बघितली. तिचे मार्क पुष्कळ खाली राहत होते. यादी दोनदा वर-खाली केली. मार्क तेवढेच राहिले.

“न्हाई होत का?” मामानं विचारलं.

“नाही होत, मामा. माझ्यामुळं.”

त्यानं शिवी द्यावी, टेबलावर हात आपटावा, असं मला मनापासून वाटत होतं. तो पटका काढून मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, “मग आता नवं बोला. भावकीतल्या दोन पोरी पुढच्या साली हायत. त्या बी ह्याच्यावरच बसल्यात.”

मी फोन तोंडाशी धरला. आधी तारीख बोलले, महिना बोलले, साल बोलले, कोर्स कोणता ते बोलले. हे फक्त यंदापुरतं आहे, पुढच्या साली पुन्हा विचारा, माझं जुनं ऐकू नका, असं सांगितलं. तीन वेळा चुकले. एरवी एका दमात बोलणारी बाई मी. त्यानं ते लगेच पुढं पाठवलं.

“आन् जुनं? ते मागं घ्या की.”

“घेता येत नाही. लोकांच्या फोनमध्ये गेलं ते गेलं.”

मुलगी एकेक मार्कमेमो पिशवीत घालत होती, कोपरे न दुमडता. बाप पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा मी तिला म्हणाले, “अगं, तुमच्या कॉलेजात कुणी सांगितलं नाही का, अर्ज आधीच कर म्हणून?”

“सांगितलं की,” ती म्हणाली. “सरांनी दिवाळीच्या आधीच फॉर्म दिलता. आप्पा तवाच बीडला निघालते. मग तुमचं आलं. आप्पा म्हणले, सर काय, परका माणूस. ही ताई आपली हाय.”