दोन्हीकडचे सहा इंच

“काळ्या पट्टीमागं काही झाकलेलं न्हाई. तिथं काहीच न्हाई.”

मच्छिंद्र हे वाक्य टेंभुर्णीत केबलच्या फोनवर इतक्यांदा बोलला की गावातली पोरं त्याला पाहून तेच म्हणत पुढे जायची. त्याला त्याचा राग येत नसे. त्याला राग येई तो ‘चित्र अर्धं आहे’ या शब्दांचा.

एक्क्याऐंशी साली तो तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून लागला. प्रोजेक्टरच्या दिव्यात जाळायच्या कार्बन कांड्यांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं टोकाला कायमची काळी पडली होती. रुंद पडद्याच्या सिनेमाची रिळं आली की फिल्मवर माणसं उंच, बारीक, चेपलेली दिसत. मशीनला दुसरी लेन्स लावली की ती पडद्यावर आडवी पसरत आणि पुन्हा माणसासारखी होत. असा सिनेमा उंचीच्या सव्वादोन पटीपेक्षाही जास्त रुंद असतो. टीव्हीची काच त्याच्याही आधीच्या, जुन्या सिनेमाच्या मापाची. चार रुंद तर तीन उंच. मच्छिंद्रच्या लेखी गावाची सगळी भांडणं या दोन मापांत मावत होती.

पंच्याऐंशीत मुंबईहून आलेल्या एका कंपनीनं गावाबाहेर जत्रेचा प्रसंग चित्रित केला. गर्दीला गावचीच माणसं घेतली. झुंबरबाईचा मुलगा वसंता उजव्या टोकाला, उसाचं कांडं हातात धरून उभा होता. पुढच्या वर्षी सिनेमा तंबूत लागला तेव्हा तो चार सेकंद सरळ लोकांकडे बघत होता. झुंबरबाई नऊ खेळांना आली. दोन वर्षांनी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून वसंता गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

पुढे त्याच सिनेमाची व्हिडिओ कॅसेट आली. झुंबरबाईनं ती शेजाऱ्यांकडे बसून पाहिली. जत्रा होती, पाळणा होता, वसंता नव्हता. कॅसेट करणाऱ्यांनी टीव्हीची काच भरावी म्हणून चित्राचा मधला भाग घेतला होता आणि कडा सोडून दिल्या होत्या. हे मच्छिंद्र सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. बाया म्हणाल्या, पोराच्या दुःखानं म्हातारीला भास झाला. ज्यांनी तंबूत शेजारी बसून वसंताला पाहिलं होतं, त्याही तेच म्हणाल्या.

“मावशी, तो हाये,” मच्छिंद्रनं तिला सांगितलं. “कडंला हाये. पूर्ण चित्र आलं की मी दाखवतो.”

तंबू बंद पडला. मच्छिंद्र गोपीकिशन शेठच्या केबलवर लागला. शेठच्या कपड्याच्या दुकानावर एक खोली होती. तिथं टीव्ही, प्लेअर आणि फोन. रोज दुपारी गावाच्या चॅनलवर एक सिनेमा सोडायचा, एवढंच काम. दोन हजार तीनमध्ये त्या सिनेमाची डीव्हीडी औरंगाबादेत एक दिवसासाठी भाड्यानं मिळाली. मच्छिंद्रनं आधी खोलीत लावून पाहिली. वरखाली काळी पट्टी, मधे अख्खं चित्र, आणि उजव्या कडेला वसंता. तो तसाच झुंबरबाईच्या घरी गेला.

“उद्या चार वाजता लावतो, मावशी. जत्रा येईल तवा उजवीकडं बघ.”

“उजवीकडंच बसते,” ती म्हणाली.

रविवारी सिनेमा सुरू होताच फोन वाजू लागला.

“मच्छिंद्र, चित्र अर्धं करून राह्यला का रे?”

“अर्धं न्हाई, पूर्ण हाये.”

“मंग वर-खाली काय झाकलं? बायांचे नाच का?” मागून हसण्याचा आवाज आला.

सातवा फोन भुजंगचा होता. त्याचं गावात दुसरं केबल होतं. तो स्वतः गिऱ्हाईक असल्याचं भासवून म्हणाला, “आमच्या इथल्या लोकांना पूर्ण टीव्ही लागतो भाऊ. तुमच्याकडं नुसत्या पट्ट्याच.” मग त्यानं खाली शेठच्या दुकानात फोन केला.

गोपीकिशन शेठ जिना चढून वर आले. मच्छिंद्रनं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ठेवला होता. त्यानं तो काचेसमोर धरला.

“शेठ, टीव्ही सोळा इंच रुंद, बारा उंच. ह्यो सिनेमा बारा उंच केला तर अठ्ठावीस रुंद होतो. मंग बारा इंच जातात. इकडचे सहा, तिकडचे सहा.” त्यानं काचेच्या दोन्हीकडं बाहेर आलेली पुठ्ठ्याची टोकं दाखवली. “सोळात मावायचा तर तो जेमतेम सातच उंच राहतो. वरखाली जी जागा उरते, ती काळी. ती चित्राची नव्हंच.”

“लोकांनी टीव्ही कितीचा घेतला?”

“एकवीस इंची. ते तिरपं माप.”

“तर लोकांना एकवीस इंची पाहिजे. सात इंच कशाला बघतील?” शेठ हळू आवाजात बोलले. “तू बरोबर असशील, मच्छिंद्र. मला बरोबर माणूस नको, फोन बंद करणारा माणूस पाहिजे. भुजंगकडचा पोऱ्या उद्यापासून यायला तयार आहे.”

फोन पुन्हा वाजला. शेठनी रिमोट त्याच्या हातात दिला. स्वतः बटण दाबलं असतं तर दोष त्यांच्याकडे राहिला असता, हे त्यांना माहीत होतं.

पडद्यावर बैलगाड्या जत्रेच्या वाटेला लागल्या होत्या. पाळणा दिसायला एखादं मिनिट उरलं होतं.

“शेठ, पाच मिनिटं थांबा. मंग करतो.”

“आत्ता.”

मच्छिंद्रनं झूमचं बटण दाबलं. चित्र फुगलं, वरखालचं काळं गेलं, काच भरली. जत्रा आली. पाळणा मधोमध फिरत होता. उजवीकडं एका बाईचा अर्धा खांदा होता आणि त्यानंतर टीव्हीची चौकट. चार सेकंद झाले. प्रसंग संपला.

फोन वाजेना. “बघ,” शेठ म्हणाले आणि खुर्चीत बसले.

वीसेक मिनिटांनी झुंबरबाई जिना चढून आली. सत्तरी ओलांडलेली बाई. कठड्याला धरून बराच वेळ दम घेत राहिली. तिच्यामागं तीन-चार बाया होत्या. त्यांना म्हातारीच्या या हट्टाचा शेवट पाहायचा होता.

“न्हाई दिसला,” ती म्हणाली. “पहिल्यांदा पट्ट्या होत्या. मी म्हणलं, आता येईल. मंग चित्र मोठं झालं. मोठ्यात तर दिसायला पाहिजे होता.”

“मोठं केलं, तरी नाही,” एक बाई म्हणाली. “आता तरी सोड, आत्या. आम्ही किती दिवस ऐकायचं?”

शेठ उठले नाहीत. “मावशी, पूर्ण टीव्ही भरून दाखवला. नसेल तर नसेल.”

“मी तुमाला न्हाई विचारून राह्यले.” ती मच्छिंद्रकडे वळली. “तू मशीनवर होता. नऊ खेळ तूच लावले. तू सांग बाबा. होता का न्हाई?”

प्लेअर चालू होता. मागं नेऊन पुन्हा पूर्ण चित्र लावायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मच्छिंद्रनं रिमोटकडे पाहिलं. शेठनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हात पुढे करून रिमोट मागितला. मच्छिंद्रनं तो दिला.

“म्हणजे न्हवताच,” झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मंग इतकी वर्षं मला का सांगितलं तू?”

मागच्या बाईनं तिचा दंड धरला. दुसरी हसू दाबत पदर तोंडावर घेऊन जिन्याकडे वळली. झुंबरबाई हलली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मच्छिंद्रनं पायात चपला घातल्या, बायांच्या मधून वाट काढली आणि जिना उतरून गेला.