वायर लावलेली होती

दीक्षा, तुझ्यावर लिहिते म्हटल्यावर तू म्हणालीस, "बाई, काहून? मी काय केलंय?" काही केलं नाहीस म्हणूनच लिहिते. ज्यांनी काही केलं, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ पडलेत. यात तुला न आवडणाऱ्या एक-दोन गोष्टी आहेत. त्या मी काढणार नाही. रुसायचं असेल तर खुशाल रूस, पण शेवटपर्यंत वाच.

वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानाला लागून दीक्षाचा स्टुडिओ आहे. नांदेडला कॉम्प्युटर शिकून आली आणि लग्नांच्या व्हिडिओला लागली. बाप म्हणाला, लोकांची लग्नं लावत बसशील तर तुझं कोण लावणार? उत्तर देत बसण्याची तिला सवयच नाही. लग्नांबरोबर हळूहळू दुःखाची कामं येऊ लागली. पोरं पुण्याला, फौजेत, आखातात. मातीला येता येत नाही, निदान बघता तरी यावं. अशा कामाला ती पांढरा सदरा घालून जाते आणि रडणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा कधी नेत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही.

डोंगरकड्याची पंचफुला गेली तेव्हा पुण्यानुमोदनाचं, म्हणजे तिच्यामागच्या श्रद्धांजली-सभेचं, काम दीक्षाकडेच आलं. पंचफुलाची लेक दिपा स्वतः स्टुडिओत आली. तिचा भाऊ रविंद्र ओमानला वेल्डर. कंपनीनं रजा दिली नाही. आई गेली तरी पोरगं आलं नाही, पैशाला चिकटून राहिलं, असं गावात बोललं जाऊ लागलं होतं.

"त्याला गावासमोर बोलायचंय," दिपा म्हणाली. "दुपारच्या सुट्टीतच जमंल त्याला. तोंड दिसलं पाहिजे बर का. निस्ता आवाज नको. आवाज काय, कोणाचा बी असतो म्हणतील."

म्हणून दीक्षानं स्टुडिओतला मोठा पडदा उचलला. नवा मॉनिटर, एकाच वायरीत सगळं: त्याच वायरीनं लॅपटॉपचं चित्र पडद्यावर जातं आणि त्याच वायरीनं पडदा लॅपटॉपला चार्जिंग देतो. लॅपटॉपचं स्वतःचं अडॅप्टर म्हणजे विटेएवढं ओझं. स्टुडिओत कितीतरी दिवस ते लागलंच नव्हतं. ती ते घरी ठेवून आली.

मांडव भरला. पंचफुलाच्या फोटोशेजारी पडदा, पडद्यावर रविंद्र. निळा डगला, मागं पत्र्याची भिंत. त्रिसरण-पंचशील झालं आणि आदरांजली सुरू झाली. आता आपल्याकडच्या आदरांजल्या तुम्हाला ठाऊक आहेत. माइक हातात आला की माणसाला मेलेल्यापेक्षा स्वतःचंच जास्त आठवतं. एक उठला, दुसरा उठला. नातलगाचं बोलणं शेवटी, असा रिवाज.

दीक्षाच्या लॅपटॉपवर तीन कॅमेरे चालू होते. त्यांची सरमिसळ, बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थेट प्रक्षेपण, शिवाय दिपासाठी सगळं साठवणं. पंखा घुरघुरत होता. सहज नजर गेली तर बॅटरी निम्म्यावर. चिन्ह मात्र प्लगचं. वायर घट्ट होती. तिनं पुन्हा दाबून पाहिली. थोड्या वेळानं आकडा आणखी खाली.

"प्रमोददादा, लाईटला काय झालंय?"

प्रमोद गावचा वायरमन, दिपाचा चुलतभाऊ. त्यानं मांडवातल्या बल्बकडे बघितलं. पिवळा पडला होता.

"व्होल्टेज न्हाई. ह्या फेजवर सगळ्यांच्या मोटारी चालू हायेत. बदलून देतो, थांब."

आपल्याकडे कशालाही हेच औषध. प्रमोदनं बोर्डावर फ्यूज इकडचा तिकडं केला. बल्ब पांढराफटक झाला, पंखे जोरात फिरू लागले, बाया पदर सावरू लागल्या.

"झालं बराबर?"

दीक्षा आकड्याकडे बघत राहिली. पंखा जोरात, बल्ब लख्ख, आणि आकडा त्याच चालीनं खाली येत होता. फेज बदलून त्याला काडीचा फरक पडला नव्हता. तेव्हा तिला कळलं. पडद्यातून पासष्ट वॅटच येतात. बल्ब मंद असो की लख्ख, पडदा तेवढेच देणार. स्टुडिओत एका व्हिडिओची काटछाट करताना तेवढं पुरून उरायचं. इथं तीन कॅमेऱ्यांना ते पुरत नव्हतं. कमी पडेल तेवढं लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीतून काढून घेत होता. वायर लावलेली असूनही रिकामा होत होता.

अडॅप्टरची वीट वारंग्याला, घरी. जाऊन येईपर्यंत रविंद्रची सुट्टी संपली असती. वायर काढावी तर पडदाच जातो, आणि उरलंसुरलं चार्जिंगही.

ती दिपापाशी जाऊन बसली. "ताई, कॅमेरे बंद करते. साठवणं बी बंद. तेवढं केलं तर मशीन तग धरंल. पन पुढचं काहीच जपून राहणार न्हाई. दादाचं बोलणं बी."

दिपानं फोटोकडे पाहिलं. "बोलू दे त्याला. जपून काय करायचं?"

"आन् आता लगेच बोलायला पायजे. त्याची सुट्टी बी संपायला आली."

माइक माणिकरावांच्या हातात होता. गावातले जुने शेतकरी, ऐंशीच्या घरातले, आणि त्यांना रोखायची कुणाची प्राज्ञा नाही. "...ज्या साली कयाधूला पूर आला," ते सांगत होते, "त्या साली ही पंचफुला रातच्याला आमच्या शेतातल्या आखाड्यावर आली. आन् मला म्हणली..."

"आबा," दीक्षा उभी राहिली.

मांडव वळून बघू लागला.

"आबा, माफ करा. रविंद्रदादाला आधी बोलू द्या. मशीन बंद पडायला आलंय."

"काहून गं पोरी? माझं बोलणं तुझ्या डब्याला जड झालं का?"

"व्हय आबा. जड झालं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. माणिकरावांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, माइक फोटोपुढं ठेवला आणि काठी टेकत जाऊन बसले.

दीक्षानं एकेक करून तिन्ही कॅमेरे बंद केले. प्रक्षेपण थांबवलं, साठवणं थांबवलं. पंख्याची घुरघुर उतरली. आकडा सात टक्क्यांवर येऊन थांबला. आता रविंद्रला लॅपटॉपच्या स्वतःच्या बारक्या कॅमेऱ्यातून दिसत होती एकटी दीक्षा. तिनं लॅपटॉप वायरीसकट फिरवला, फोटोकडे आणि माणसांकडे.

रविंद्रनं फोटोकडे बघून हात जोडले. मग म्हणाला, "जयभीम सगळ्यांना. आई गेली तव्हा मी टाकीत उतरलो होतो. फोन वर ठेवावा लागतो. वर आलो तर निस्ते मिस कॉल. मला येऊ दिलं न्हाई, हे खरं. पन मी भांडलो बी न्हाई, हे बी खरं. भिलो. नोकरी जाईल म्हणून भिलो. तुमी जे म्हणून राहिले, त्यात निम्मं बराबर हाय."

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. मागून एक जण म्हणाला, "बस लेकरा, बस. पाणी पी." तेवढंच. पण ज्यानं म्हटलं, तोच आधी रविंद्रविरुद्ध फाट्यावर सगळ्यात जास्त बोलत होता.

तिकडं भोंगा वाजला. रविंद्र उठता उठता पडद्याजवळ आला.

"दीक्षा, आबांचं अर्धं राहिलं गं. आई त्यांना काय म्हणली होती?"

माणिकराव मागच्या रांगेत होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

"मी त्यांच्याकडं जाते दादा," दीक्षा म्हणाली. "कॅमेरा घेऊन जाते. सगळं बोलायला लावते आन् धाडते तुला."

"नक्की?"

"नक्की."

पुढं लग्नसराई लागली, मग पेरण्या. माणिकराव बाजाराच्या दिवशी वारंग्याला येतात, चहाच्या टपरीवर बसतात. दीक्षा स्कूटीवरून जाताना हात करते. एकदा त्यांनीच हाक मारून विचारलं, "पोरी, डबा घेऊन येणार होतीस म्हणं?" ती म्हणाली, "येते आबा, ह्या आठवड्यात."

रविंद्रनं दोनदा मेसेज करून विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती अजून गेलेली नाही.